‘बॉक्स सुद्धा ओरिजिनल आसा!’

गणपती तोंडावर आले, की किनारपट्टीवरच्या स्टेटसांना मोदकांच्या आधी बूट फुटतात. पांढरेशुभ्र नायकी एअर फोर्स वन, अठराशे पन्नास रुपये, ‘दुबईच्या चुलत्यान आणलेले’. दुकानात हाच जोड याच्या कितीतरी पट महाग असतो, पण चुलता मायाळू. तुम्ही लगेच पैसे पाठवा. विचार करणाऱ्याचा नंबर ‘सोल्ड आउट’मध्ये जातो.

एवढ्यावर चैन पडत नसेल आणि फोटो मागायचेच असतील, तर लांबून काढलेले मागा, जमल्यास संध्याकाळचे. तळव्याचा फोटो तर मागूच नका. हा बूट १९८२ साली बास्केटबॉलसाठी निघाला. एका पायावर गर्रकन वळता यावं म्हणून पंजाखाली आणि टाचेखाली एकात एक गोल आहेत, आणि बोटांच्या टोकाशी बारीक चांदण्या. अस्सल बुटावर त्या चांदण्यांचे कोपरे टोकदार दिसतात. नकली साचा पुष्कळदा तयार बुटावरूनच उतरवलेला असतो, म्हणून छापाचा छाप घेतल्यासारखे कोपरे बोथट होतात आणि गोलांमधली खाच उथळ राहते. जवळून बघितलंत तर हे दिसेल आणि उगाच मन खट्टू होईल. शिवाय चांगल्या नकलेत तळवाही हुबेहूब जमतो, म्हणजे बघून तरी काय फायदा?

माझ्या भाच्याने मात्र सगळे फोटो मागवले. पोरगं शिकलेलं. मी लेबलवरच्या अक्षरांबद्दल शंका काढली. आकडे जाड होते, एकमेकांना चिकटलेले होते, आणि ओळ किंचित तिरकी. तो म्हणाला, “मामा, फॉन्ट देशाप्रमाणं बदलता.” यात थोडं तथ्य आहे, हेच वाईट. लेबलाची मांडणी देश आणि वर्ष बदललं की बदलते, म्हणून नुसत्या अक्षरांवरून निकाल देता येत नाही. त्याच काळातलं, त्याच बाजारातलं खरं लेबल शेजारी हवं. छापील किमतीचा स्टिकर नव्हता, पण चुलता दुबईचा, तेव्हा तीही पळवाट तयार.

मग त्याने हुकमाचं पान टाकलं. “बॉक्सावर नंबर आसा मां? CW2288-111. गुगलार घाल, ह्योच बूट दाखयता!”

घातला. दाखवला. दाखवणारच, नंबर खरा आहे, आणि खरा नंबर छापायला पैसे पडत नाहीत. मी म्हटलं, “आता जिभेच्या आत शिवलेल्या पट्टीचा फोटो मोठा कर.” तिथे होतं 315122-111. भाच्याने तोही गुगलवर घातला आणि टाळी वाजवली, कारण तोही पांढरा एअर फोर्स वनच निघाला. जुना क्रमांक. दोन खरे नंबर म्हणजे दुप्पट खरा बूट, असा त्याचा हिशेब. एका जोडाच्या बॉक्सवर आणि बुटात एकच क्रमांक असतो, हे सांगणारा मामा अर्थातच जळका.

पट्टीवर मापंही होती: यूके ८, यूएस ८.५, युरोप ४२. आता नायकीच्या पुरुषांच्या बुटात यूके ८ म्हणजे यूएस ९, युरोप ४२.५ आणि २७ सेंटिमीटर. ८.५ आणि ४२ ही जोडी आदिदासची. पण बुटाने दोन घरची मापं सांभाळली, तर आपण कौतुक करावं.

इनसोल काढून फोटो मागण्याची चूक तुम्ही करू नका. ती आम्ही केली. खऱ्या बुटात इनसोलखाली वरच्या भागाची कड तळाच्या कापडाला सगळीकडून एकसारख्या टाक्यांनी शिवलेली असते. गोंदाचा थोडा डाग खऱ्यातही सापडतो, त्यावरून घाबरू नये. इथे टाका नव्हताच. एक पुठ्ठा होता आणि त्याच्या कडेने फणसाच्या चिकासारखा ओघळलेला पिवळा गोंद. विक्रेत्याने लिहिलं, “पावसात फिट रवाक डबल गोंद मारलो हा.” भाचा खूश झाला.

एक गोष्ट विक्रेत्याच्या बाजूने सांगतो. पुढे कधी तळवा सुटला, तर तेवढ्यावरून नकली म्हणू नका. आमच्या दमट हवेत माळ्यावर पडलेल्या अस्सल बुटाचाही पॉलियुरेथेनचा सोल काही वर्षांनी भुगा होतो. त्यामुळे भांडायला पुरावा उरत नाही, हे या धंद्याचं मोठं सुख.

बूट आले. फोटोतल्यापेक्षाही वाईट होते, कारण फोटो दुसऱ्याच जोडाचे होते. समोर ठेवलेल्या बुटाशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो काढायला सांगायचं आमच्याकडून राहिलं. तुम्हीही राहू द्या.

काल भाच्याचं स्टेटस बघितलं. “एकदाच घातलेले, फक्त १५००. बॉक्स सुद्धा ओरिजिनल आसा!” खाली बॉक्सचा एकच फोटो, संध्याकाळचा.