६,६६७ रुपये: भागाकार बरोबर, पण पहिल्याच वर्षापुरता

नाशिककर यांची प्रतिक्रिया: मुलगी आज ३ वर्षांची, चार वर्षांच्या इंजिनीअरिंगची फी आज १२ लाख, हातात १८० महिने. भागाकार केला की ६,६६७ येतात. तुम्ही लेखात फी वर्षाला ८ टक्क्यांनी वाढेल असं धरून इक्विटी फंडात महिना ९,८०० टाकायला सांगता. ते ८ टक्के कुठून काढलेत? म्युच्युअल फंडवाल्यांसारखी भीती घालू नका. आणि ज्याला शेअर बाजार नको, त्यानं काय करायचं?

उत्तर:

नाशिककर, आधी ८ टक्क्यांचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. आयआयटीच्या बी.टेक.ची वार्षिक शिकवणी फी २००८ मध्ये २५ हजारांवरून ५० हजार झाली, २०१३ मध्ये ९० हजार, २०१६ मध्ये २ लाख. त्यानंतर पुढं कितीतरी वर्षं ती तिथंच राहिली. म्हणजे ५० हजारांचे २ लाख व्हायला, मधली थांबलेली वर्षं धरूनही, सोळा-सतरा वर्षांचा हिशेब लावला तर वाढ वर्षाला साडेआठ-नऊ टक्के पडते. फी दरवर्षी सरळ चढत नाही. ती काही वर्षं गप्प बसते आणि मग एकदम उडी मारते. त्यामुळे दोन-तीन वर्षं फी वाढली नाही म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये. खाजगी कॉलेजांचा वेग वेगळा असतो, पण मी ८ धरले ते हात आखडूनच.

आता तुमचे १२ लाख. आज वर्षाला ३ लाख असलेली फी ८ टक्क्यांनी १५ वर्षांत सुमारे ९ लाख ५२ हजार होते. चार वर्षं मिळून साधारण ४२ लाख ९० हजार. सगळे एकदम भरायचे नसतात. पहिल्या वर्षाची फी भरली की उरलेली रक्कम ६ टक्के व्याजावर ठेवता येते, म्हणून प्रवेशाच्या दिवशी हातात ३९ लाख १६ हजार हवेत. तुमचे ६,६६७ कपाटात साठवले तर पहिलं वर्ष निघतं आणि दुसऱ्या वर्षाची जेमतेम पाव फी. वसतिगृह, खानावळ यात मी धरलेलीच नाही.

वर्षाला १० टक्के परतावा धरला तर दरमहा सारखी रक्कम किती, हे एक्सेलमध्ये असं निघतं:

```
=PMT(1.1^(1/12)-1,180,0,-3916000)
```

उत्तर ९,८२८ च्या आसपास. लेखातला आकडा हाच.

पण तुमचा ६,६६७ टाकून देण्यासारखा नाही. सुरुवात त्यानं करा आणि दरवर्षी रक्कम ८ टक्क्यांनी वाढवा: दुसऱ्या वर्षी ७,२००, तिसऱ्या वर्षी ७,७७६. त्याच १० टक्क्यांनी शेवटी सुमारे ४२ लाख जमतात, म्हणजे गरजेपेक्षा थोडे जास्तच. पगारवाढीच्या महिन्यातच हप्ता वाढवायची सवय लावली तर हे जमतं. शेवटच्या वर्षी हप्ता साडेएकोणीस हजारांवर जातो, हेही आत्ताच डोळ्यांसमोर असू द्या. वाढ केलीच नाही आणि ६,६६७ वरच राहिलात, तर त्याच १० टक्क्यांनी साडेसव्वीस लाख होतात. म्हणजे साडेबारा लाख कमी.

माझ्या हिशेबात खरी कच्ची जागा ८ टक्के नाही, ती १० टक्के परतावा आहे. तो कुणी लिहून देत नाही. २०२० च्या जानेवारी ते मार्चमध्ये निफ्टी सुमारे ३८ टक्के पडला होता. त्या जूनमध्ये ज्याला पहिली फी भरायची होती, त्याच्या पोटात गोळाच आला असेल. म्हणून मुलगी नववी-दहावीत गेली की दरवर्षी थोडे थोडे पैसे इक्विटी फंडातून काढून मुदत ठेवीत न्यावेत. असं केलं की परतावा थोडा घटतो, तरीही मी तेच करेन.

बाजार नकोच असेल त्यांच्यासाठी पीपीएफ. ७.१ टक्क्यांनी दरमहा सुमारे १२,४०० भरले की १५ वर्षांत ३९ लाखांचा टप्पा गाठता येतो, आणि वर्षाला दीड लाखाची मर्यादा म्हणजे महिना १२,५००. जेमतेम मावतं. फक्त त्या दीड लाखात तुमचं आणि मुलीच्या नावाचं खातं दोन्ही एकत्र धरतात, तेव्हा दोन खाती काढून मर्यादा दुप्पट होईल असं समजू नका. शिवाय दर सरकार तिमाहीला ठरवतं. आजचा दर १५ वर्षं टिकेलच असं नाही.

तारखेकडेही लक्ष द्या. पीपीएफची १५ वर्षं खातं उघडलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजतात. एप्रिलमध्ये उघडलेलं खातं पुरं व्हायला जवळपास १६ वर्षं लागतात, आणि मुलीची पहिली फी त्याआधीच येईल. तेवढ्यापुरतं सातव्या वर्षापासून अंशतः पैसे काढता येतात, पण चार वर्षांपूर्वीच्या किंवा मागच्या वर्षीच्या शिलकीतली जी कमी असेल तिच्या निम्मेच. पहिल्या वर्षाच्या साडेनऊ लाखांना ते पुरतं. पुढची फी खातं पुरं झाल्यावर.