मेथीची जुडी आणि मेथीचं पाकीट

भाजी ॲपवर स्वस्त की मंडईत, यावरून आमच्या घरात रोज वाद होतो. म्हणून रविवारी मी दोन्हीकडून मेथी घेतली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली.

मंडईतली जुडी २० रुपयांना. मुळांसकट, माती लागलेली. निवडून, जाड देठं काढून हाती २१० ग्रॅम पानं आली. ॲपवरचं २५० ग्रॅमचं पाकीट ३२ रुपयांचं. ते निवडल्यावर १३० ग्रॅमच उरली, कारण मधली पानं पिवळी आणि काही चिकट झाली होती. म्हणजे शिजवायच्या १०० ग्रॅम मेथीला मंडईत साडेनऊ रुपये पडले, ॲपवर जवळजवळ पंचवीस. ॲपवर भाव लिहिलेला असतो तो पाकिटाचा. कढईत किती पडणार, ते तिथे दिसत नाही.

पानं चिकट का होतात, तेही सांगते. पालेभाजी तोडल्यावरही श्वास घेत असते, पाणी सोडत असते. बंद प्लॅस्टिकमध्ये ते पाणी आतल्या बाजूला थेंब होऊन साचतं आणि पानं सडायला लागतात. पिशवीच्या आत थेंब दिसले तर मी ती भाजी त्याच दिवशी करते, दुसऱ्या दिवसावर ठेवत नाही. मंडईतली जुडी मुळांसकट असल्याने ओल्या फडक्यात गुंडाळली की दुसऱ्या दिवशीही टवटवीत असते.

पण सगळीकडे मंडईच जिंकते असं मी म्हणणार नाही. टोमॅटो त्या दिवशी मंडईत ४० रुपये किलो होते, ॲपवर अर्धा किलो १८ ला. कांदे-बटाटेही तिथे स्वस्त होते आणि चांगले निघाले. त्यांना निवडून घ्यायची तेवढी गरज नसते. फक्त ऑर्डर छोटी असली की डिलिव्हरी आणि हँडलिंगचे पैसे वर लागतात, आणि मग पाव किलो भेंडी सोन्याच्या भावात पडते.

गवार आणि भेंडीचं मात्र वेगळं आहे. भेंडीचं टोक मोडून बघायचं, कटकन तुटलं तर कोवळी, वाकलं तर जून. हे फोटोवरून कसं कळणार? मंडईतही ढिगाच्या वरची भेंडी छान आणि खालची जून असते, म्हणून मी स्वतः वेचून घेते.

आईला गुडघ्यामुळे मंडईच्या पायऱ्या चढवत नाहीत. तिच्यासाठी ॲप ही खरी सोय आहे, आणि खराब माल आला की फोटो पाठवून पैसे परत मिळतात, हेही खरं. पण आमच्या नेहमीच्या मावशी टोमॅटो देताना विचारतात, "आज करणार का दोन दिवसांनी?" आणि त्याप्रमाणे लालबुंद किंवा करकरीत निवडून देतात. वर मूठभर कढीपत्ता असतोच.

आता आमच्याकडे कांदे, बटाटे, टोमॅटो ॲपवरून येतात. मेथी, पालक, गवार, भेंडी मी रविवारी सकाळी आठच्या आत मंडईतून आणते.