जोखीम अहवालावरील अभिप्रायाला उत्तर: एकाच पोर्टफोलिओचे दोन आकडे का येतात

ग्राहकाचा अभिप्राय (एक तारा): “तीन शेअरच्या साध्या पोर्टफोलिओचा व्हॅल्यू ॲट रिस्क काढून घेतला. 95 टक्क्यांच्या ओळीत हिस्टॉरिकल पद्धतीने 2.05 टक्के आणि व्हेरियन्स-कोव्हेरियन्स पद्धतीने 2.32 टक्के. 99 टक्क्यांच्या ओळीत उलट, 4.10 आणि 3.28. त्यावर कहर म्हणजे मी एकही शेअर विकला नसताना दुसऱ्या दिवशी 4.10 चे 3.30 झाले. गणित चुकले आहे हे उघड आहे. निदान सरासरी काढून एक आकडा तरी द्यायचा.”

नमस्कार,

आपला अभिप्राय वाचल्यावर आपल्या अहवालाचे गणित मी स्वतः पहिल्यापासून पुन्हा केले. आकडे बरोबर आहेत. मात्र ते किती दिवसांवर आणि कोणत्या गृहीतकावर उभे आहेत, हे अहवालात कुठेही लिहिलेले नव्हते, आणि त्याची जबाबदारी पूर्णपणे आमची आहे. जे तिथे लिहायला हवे होते ते इथे लिहितो. व्हॅल्यू ॲट रिस्क म्हणजे एका दिवसातला तोटा शंभरपैकी 95 किंवा 99 दिवस ज्याच्या आत राहावा असा आकडा. शेअरची नावे आणि आपली रक्कम अर्थातच देत नाही. टक्केवारी आपण अभिप्रायासोबत जोडलेल्या पानावर आहेच.

आपल्या पोर्टफोलिओत तीन शेअर 50, 30 आणि 20 टक्के या वाट्याने आहेत. त्यांच्या रोजच्या परताव्याचे प्रमाण विचलन अनुक्रमे 1.6, 2.0 आणि 1.5 टक्के असून कोणत्याही दोन शेअरमधला सहसंबंध साधारण 0.5 येतो. व्हेरियन्स-कोव्हेरियन्स पद्धतीत वाटा आणि विचलन यांचा गुणाकार केला, की 0.80, 0.60 आणि 0.30 मिळतात. त्यांच्या वर्गांची बेरीज 1.09 होते, सहसंबंधामुळे त्यात 0.90 ची भर पडते, आणि 1.99 चे वर्गमूळ म्हणजे 1.41 टक्के हे पूर्ण पोर्टफोलिओचे रोजचे प्रमाण विचलन ठरते. त्याला 1.645 ने गुणले की 2.32, आणि 2.326 ने गुणले की 3.28.

हिस्टॉरिकल सिम्युलेशनमध्ये आजचेच वाटे मागच्या 250 दिवसांच्या परताव्यांना लावले जातात. (त्या काळात आपल्या खात्यात प्रत्यक्ष काय घडले याचा इथे संबंध येत नाही, तेव्हा आपले वाटे वेगळे होते.) मग हे 250 आकडे वाईटाकडून चांगल्याकडे लावले, की तेरावा दिवस 95 टक्क्यांचा आकडा देतो आणि तिसरा दिवस 99 टक्क्यांचा. आपल्याला पाठवलेल्या तक्त्यात रोजचा पोर्टफोलिओ परतावा E स्तंभात आहे, तेव्हा 99 टक्क्यांचे दोन्ही आकडे आपण स्वतः पडताळू शकता:

```
=-SMALL(E2:E251,3)
=2.326*STDEV.S(E2:E251)
```

दुसऱ्या ओळीत सहसंबंध कुठेच दिसत नाही, तरी उत्तर 3.28 च येते. पोर्टफोलिओत फक्त शेअर असतील आणि दिवस व वाटे तेच असतील, तर तीन विचलने आणि सहसंबंध यांच्या वाटेने जा किंवा थेट एकत्रित परताव्याचे विचलन काढा, दोन्हींचा निकाल एकच असतो. त्यामुळे आपल्या दोन आकड्यांमधल्या तफावतीचे खापर सहसंबंधावर फोडता येत नाही. ती सगळी तफावत एकाच गृहीतकातून येते: परतावे नॉर्मल वितरणाप्रमाणे पसरलेले आहेत, असे व्हेरियन्स-कोव्हेरियन्सचे सूत्र धरून चालते.

प्रत्यक्षात ते तसे पसरलेले नाहीत. आपले सर्वात वाईट सहा दिवस 6.40, 4.90, 4.10, 3.30, 2.90 आणि 2.70 टक्के तोट्याचे आहेत. पहिल्या दिवशी पहिला शेअर 6.5, दुसरा 8.0 आणि तिसरा 3.75 टक्क्यांनी पडला. विभाजनाचा किंवा बोनस शेअरचा भाव समायोजित करायचा राहून गेला तर असा खोटा तोटा दिसू शकतो, म्हणून ते आधी तपासले. पण तशा चुकीत एकटा शेअर कोसळलेला दिसतो, इथे तिन्ही एकाच दिवशी पडले आहेत. तोटा खरा आहे. प्रमाण विचलन 1.41 असताना 6.40 म्हणजे साडेचार पटींहून अधिक. नॉर्मल वितरण खरे असते, तर असा दिवस हजार वर्षांहून अधिक काळात एकदा आला असता. आपल्याला तो एका वर्षातच दिसला.

ओळींमधली उलटापालटही यातूनच होते. पहिल्या तीन दिवसांनी एकूण व्हेरियन्सचा सुमारे 16 टक्के भाग व्यापला आहे. हे मोजके दिवस प्रमाण विचलन फुगवतात, आणि बाकीचे बहुतेक दिवस त्या फुगलेल्या विचलनाच्या मानाने शांत असतात. म्हणून तेराव्या दिवसापाशी सूत्र प्रत्यक्षाहून मोठा तोटा सांगते, आणि टोकाला, तिसऱ्या दिवसापाशी, प्रत्यक्षाहून लहान. शेअरच्या परताव्यांत हे नेहमी आढळते. आपल्या दोन ओळी उलट आल्या नसत्या, तर मीच तक्ता पुन्हा तपासायला घेतला असता.

आता 4.10 चे 3.30 कसे झाले ते. त्या दिवशी 6.40 चा दिवस 251 वा होऊन 250 दिवसांच्या खिडकीबाहेर गेला आणि त्याच्या जागी एक शांत दिवस आत आला. कालचा चौथा दिवस आज तिसरा झाला, एवढेच घडले. आपली जोखीम कणभरही कमी झाली नव्हती. सूत्राचा आकडाही त्याच कारणाने घसरला, पण 3.28 वरून 3.14 इतकाच, कारण त्यात प्रत्येक दिवसाचा थोडा थोडा वाटा असतो. 95 टक्क्यांचा हिस्टॉरिकल आकडा 2.05 वरून 2.02 वर आला, कारण तेराव्या दिवसाच्या आसपास आकडे दाटीवाटीने असतात. टोकाला मात्र दोन शेजाऱ्यांत मोठी दरी असते.

हिस्टॉरिकल पद्धतीची ही खरी दुबळी बाजू आहे आणि ती आम्ही आधीच सांगायला हवी होती. दिवस परस्परांपासून स्वतंत्र मानले, तरीसुद्धा खरा 99 टक्क्यांचा आकडा आपल्या यादीतल्या पहिल्या आणि सहाव्या दिवसाच्या मध्ये, म्हणजे 6.40 आणि 2.70 यांच्या मध्ये, असण्याची शक्यता सुमारे 88 टक्केच आहे. इतक्या रुंद पट्ट्यातला आकडा आम्ही दोन दशांश स्थळांपर्यंत छापला, हे मला आता अजिबात पटत नाही. 250 दिवस आम्ही निवडले, कारण बँकांच्या देखरेखीचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या बाझल समितीच्या 1996 च्या दुरुस्तीत बँकांसाठी किमान एक वर्षाची आकडेवारी ठरवलेली होती. पण ते किमान होते, आणि तीन शेअरच्या पोर्टफोलिओच्या टोकासाठी ते अपुरे पडते.

सरासरीची आपली सूचना मात्र मी स्वीकारू शकत नाही. 4.10 हा घडून गेलेला एक दिवस आहे आणि 3.28 हे एका गृहीतकाचे उत्तर आहे. त्यांच्या मधला 3.69 कशाचेच उत्तर नाही, आणि दोघांमधली तफावत, जी टोकाच्या जाडीबद्दल सर्वात जास्त सांगते, ती त्यात पुसली जाते. एखाद्या शेअरचा वाटा कमीजास्त केल्यास जोखीम किती हलेल हे पाहायचे असेल, तर आपण सूत्राचा आकडा घ्यावा, कारण तो उड्या मारत नाही. एका दिवसात किती तोटा झेलण्याची तयारी ठेवायची असा प्रश्न असेल, तर 99 टक्क्यांच्या पातळीवर मी हिस्टॉरिकल आकडाच धरीन, तोही लांब खिडकीचा.

आपला सुधारित अहवाल विनाशुल्क पाठवला आहे. त्यात 1,000 दिवसांची खिडकी शेजारी दिली आहे. तिथे 99 टक्क्यांचा आकडा दहाव्या दिवसावर उभा राहतो, त्यामुळे एक दिवस गळाला तरी तो फारसा हलत नाही, पण चार वर्षांपूर्वीचा बाजार आजच्यासारखा होता असे मात्र धरावे लागते. 250 दिवसांच्या आकड्याखाली सर्वात वाईट दहा दिवस तारखांसह छापले आहेत, आणि प्रत्येकापुढे तो खिडकीतून कधी बाहेर पडणार हेही लिहिले आहे. 4.90 चा दिवस पुढच्या सात आठवड्यांत बाहेर पडेल. तेव्हा आकडा 3.30 वरून 2.90 च्या आसपास येईल. मध्ये नवा मोठा तोटा झाला नसेल तर.