भोकं बुजवलेली भिंत

“संरक्षक भिंतीला पाइप ठेवू नका, भोकं म्हणजे भिंतीची कमजोरी. धरणाला कुणी भोकं ठेवतं का? भिंत जाड असली की पाणी तिचं काही करू शकत नाही. मागे काळी माती ठासून भरा, समोरून वॉटरप्रूफ प्लास्टर करा, थेंबसुद्धा येणार नाही. जुनी भोकं असतील तर पावसाळ्याआधी सिमेंटनं बुजवून टाका.”

यंदा मे महिन्यात हा मेसेज मला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. त्यातल्या एकानं तोवर गवंडी बोलावून भिंतीमागचं पाणी बाहेर पडायला ठेवलेली सगळी भोकं बुजवून घेतली होती, म्हणून हे लिहायला बसलो. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर डोंगर कापून प्लॉट पाडलेत. तिथं दोन-तीन मीटरची भिंत थेट स्वयंपाकघराच्या मागं उभी असते आणि तिच्या पलीकडं शेजाऱ्याची जमीन असते. अशी भिंत सरकली तर अंगण जाण्यावर भागत नाही.

धरणापासूनच सुरुवात करतो, कारण ते आपल्याच जिल्ह्यात आहे. कोयना धरण १०३ मीटर उंच आणि त्याचा पाया सुमारे ७० मीटर रुंद. म्हणजे पाया उंचीच्या दोन-तृतीयांश. आपल्याकडची तीन मीटरची दगडी भिंत पायाला दीड मीटर असली तरी आपण ती दणकट म्हणतो, आणि बऱ्याच ठिकाणी ती मीटरभरच असते. धरण पाणी अडवायलाच बांधतात, त्यामुळे पाण्याचा पूरा दाब पहिल्या दिवसापासून हिशोबात धरलेला असतो. आपल्या भिंतीच्या हिशोबात बहुतेक वेळा फक्त मातीचा दाब असतो. आणि निचरा तर धरणालाही असतो. दगडी आणि काँक्रीटच्या धरणाच्या पोटात गॅलरी म्हणजे बोगद्यासारखी वाट असते, भिंतीत आणि पायाच्या खडकात निचऱ्याची छिद्रं पाडलेली असतात, झिरपलेलं पाणी त्यातून गोळा करून बाहेर काढतात. मातीच्या धरणात वाळू-खडीचा गाळणी थर असतो. रस्त्यावरून यातलं काही दिसत नाही, एवढंच.

आता जाड भिंतीचं. इथं थोडा हिशोब करायला हवा, कारण सगळी गोम यातच आहे. दगडी भिंत धरू: ३ मीटर उंच, माथ्याला ६० सेंटीमीटर, पायाला दीड मीटर, मागची बाजू उभी, पुढची उतरती. तिच्या एक मीटर लांबीचं वजन साधारण सव्वासात टन होतं. पायाशी घर्षण धरून ती चार टनांपर्यंतचा आडवा रेटा सहन करते, त्यापुढं सरकते. मागं चांगला मुरूम आहे आणि तो कोरडा आहे, तर त्याचा रेटा दर मीटरला २.७ टन येतो. चार विरुद्ध २.७, म्हणजे जवळपास दीडपट ताकद हाताशी. ही भिंत वर्षानुवर्षं उभी राहील.

त्याच मुरुमात माथ्यापर्यंत पाणी भरलं की काय होतं ते पाहा. पाण्यात बुडालेला मुरूम हलका होतो, त्याचा स्वतःचा रेटा दीड टनावर उतरतो. पण पाण्याचा रेटा त्यात वेगळा मिळवावा लागतो, आणि तो येतो साडेचार टन. बेरीज सहा टन. भिंत पेलते चार.

मुरूम पाण्यापेक्षा जड असून त्याचा रेटा कमी कसा, असं साइटवर मला नेहमी विचारतात. मुरुमाचा ढीग करता येतो. दाणे एकमेकांना धरून ठेवतात, स्वतःच्या पायावर उभे राहतात, आणि वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तेवढा बाजूला ढकलतात. पाण्याचा ढीग होत नाही. ते जेवढं खाली दाबतं तेवढंच आडवंही ढकलतं. शिवाय तेच पाणी पायाखाली शिरून भिंतीला खालून उचलतं, त्यामुळे तिचं वजनही पूरं कामी येत नाही. वरच्या उदाहरणात पायाखालचा हा दाब धरला तर भिंत नुसती सरकत नाही, पुढं कलंडते.

दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, पाणी किती आहे यावर नाही. भिंतीमागं दोन बोटांची फट तीन मीटरपर्यंत पाण्यानं भरली, तरी ती अख्ख्या तळ्याएवढाच रेटा देते. म्हणून “आमच्याकडं एवढं पाणी येतच नाही” या बोलण्यात अर्थ नाही. फट भरायला एक झड पुरते. आरसीसीची भिंतही यातून सुटत नाही. तिच्या मुळाशी तिला वाकवणारा जोर दुपटीहून जास्त होतो, आणि पहिली चीर मागच्या बाजूला, मातीत पडते, म्हणजे आपल्याला दिसतच नाही.

भोकांनी भिंत किती कमी होते तेही मोजू. १०० मिलिमीटरचा पाइप, मीटर-दीड मीटरवर एक. एक चौरस मीटर भिंतीत ७८ चौरस सेंटीमीटरचं भोक, म्हणजे शंभरातला एक भागसुद्धा नाही. दगडी भिंत वजनावर उभी असते आणि वजन तेवढंच राहतं. आरसीसीत पाइप सळ्यांच्या मधल्या जागेत बसवायचा, पाइपसाठी सळई कापायची नाही. एवढं पाळलं की झालं.

आपल्या भागातल्या जुन्या ताली आठवा. डोंगराच्या कडेला शेताला घातलेली बिनचुन्याची दगडी ताल पिढ्यान्‌पिढ्या टिकते. सिमेंटचा कण नाही तिच्यात. तिचा प्रत्येक सांधा उघडा आहे, पाणी मागं साठूच शकत नाही. त्याच तालीला कुणी समोरून सिमेंटचा गिलावा केला तर मला तिची काळजी वाटेल.

काळ्या मातीबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण मेसेजमधला हा सल्ला सगळ्यात घातक आहे. काळी माती पाणी सोडत नाही हे खरं, पण ती पाणी पिते आणि फुगते. भिंतीमागं कोंडलेली काळी माती फुगली की भिंतीलाच ढकलते, आणि तो रेटा वरच्या हिशोबात धरलेलाच नाही. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, भिंतीपासून सुटते, आणि पहिल्या वळवाचं पाणी त्या फटीतून थेट पायापर्यंत जातं. काळ्या मातीची एकच योग्य जागा आहे: भरावाच्या सगळ्यात वर एक फूटभर थर, भिंतीपासून दूर उतार देऊन, आणि तिकडचं पाणी नेणारं गटार. वरचं पाणी आत शिरू नये म्हणून.

भिंतीला लागून मात्र खडी हवी, आणि ती तळापासून जवळपास माथ्यापर्यंत. रस्त्याच्या भिंतींना असा थर ६० सेंटीमीटर घेतात, घरच्या भिंतीला ३० पेक्षा कमी नको. खडी आणि मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे माती खडीत घुसणार नाही. २० मीटर लांब, ३ मीटर उंच भिंतीला ३० सेंटीमीटरच्या थरासाठी साडेसहा ब्रासच्या आत खडी लागते. नुसती भोकं ठेवली आणि मागं हा थर नसला तर भोकं एक-दोन पावसाळ्यांत तुंबतात, आणि मग लोक म्हणतात भोकांचा उपयोग नाही. त्यांचं चुकत नाही, पण चूक भोकांची नसते.

समोरच्या वॉटरप्रूफ प्लास्टरनं काय होतं, ते मी पाहिलेल्या एका भिंतीवरून सांगतो. मागं एका जुलैत एका सोसायटीनं बोलावलं. २२ मीटर लांबीची दगडी भिंत, वरच्या हिशोबात धरली साधारण त्याच मापाची. त्याआधी दोन वर्षं भोकांतून चिखलाचं पाणी पार्किंगमध्ये यायचं, म्हणून ठेकेदारानं भोकं बुजवून प्लास्टर करून दिलं होतं. मी गेलो तेव्हा चार दिवस झड लागली होती आणि भिंत कोरडी ठणठणीत. लोकांना त्याचंच समाधान होतं. पण छातीएवढ्या उंचीवर प्लास्टरला पांढऱ्या क्षारांची आडवी रेघ उमटली होती. एका कोपऱ्यात थाप मारली की पोकळ वाजायचं. वरून ओळंबा सोडून मूळ उताराशी ताडून पाहिलं, तर मधला भाग ३५ मिलिमीटर पुढं आलेला. भिंतीमागची जमीन वीतभर खचली होती.

आधी गाड्या हलवायला लावल्या आणि भिंतीसमोर कुणी उभं राहायचं नाही असं सांगितलं. मग बाजूला उभं राहून, वरच्या ओळीपासून भोकं फोडायला घेतली. खालून सुरुवात केली असती तर सगळा दाब एकदम तिथून सुटला असता आणि माती वाहून आली असती. वरची ओळ कोरडी निघाली. मधल्या ओळीचं सिमेंट फुटल्यावर आधी काहीच नाही. १२ मिलिमीटरची सळई दीड फूट आत घातली, फिरवली, मुळांचा गुंता आणि काळा चिकट गोळा बाहेर आला, आणि त्याच्यामागं हातभर लांब धार. कुजकट वासाचं, महिनाभर कोंडलेलं पाणी. ती धार संध्याकाळपर्यंत चालू होती. खालची ओळ आम्ही दुसऱ्या दिवशी, धार मंदावल्यावर उघडली.

मागच्या खुणांवरून पाणी तळापासून दोन मीटरपर्यंत चढलेलं दिसत होतं. तेवढ्या पाण्याचा हिशोब केला तर रेटा चार टनांच्या थोडा वर जातो, आणि भिंत पेलते चार. म्हणून ती पडली नव्हती, सरकायला लागली होती. जमिनीत गाडलेल्या पायापुढच्या मातीनं तिला धरून ठेवलं होतं.

चिखलाचं पाणी ही मूळ तक्रार होती आणि ती रास्त होती. गढूळ पाणी येणं म्हणजे मागं गाळणी नाही, भराव रोज थोडाथोडा वाहून चाललाय आणि आत पोकळी होतेय. उपाय मागं खोदून खडी आणि कापड घालण्याचा होता. तो पुढच्या उन्हाळ्यात झाला. वरून टप्प्याटप्प्यानं, एका वेळी तीन-चार मीटर लांबीच खोदली, माती भिंतीवर न टाकता दूर नेली. सगळ्यात खालची भोकं समोरच्या जमिनीपासून २० सेंटीमीटर वर ठेवली आणि पाइपांना बाहेरच्या बाजूला उतार दिला. पार्किंगकडं पाणी येऊ नये म्हणून भिंतीच्या पायथ्याशी अर्धगोल गटार घालून ते पाणी रस्त्याच्या नाल्याला जोडलं.

तुमच्या घरामागं अशी भिंत असेल तर पहिल्या मोठ्या पावसानंतर काही तासांत जाऊन बघा. खालच्या ओळीतून स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर ठीक. पाणी गढूळ असेल तर मागं गाळणी नाही. दोन-तीन दिवसांची झड होऊनही सगळी भोकं कोरडी असतील आणि शेजारची जमीन चिबडलेली असेल, तर भोकं तुंबलीत, सळई घालून बघा. आणि ज्यांनी मे महिन्यात सिमेंट भरलंय त्यांनी ते आत्ताच, जमीन कोरडी असताना, ड्रिलनं काढून घ्या. भिंत आधीच पुढं आलेली असेल तर मात्र हात लावण्याआधी इंजिनियरला बोलवा, आणि तोवर तिच्या पायथ्याशी मुलांना खेळू देऊ नका.