मराठी नोटीस आली तर बाजूला ठेवू नका

«सरकारी कामात मराठीचा अट्टहास पुरे झाला. १) तांत्रिक शब्दांना मराठीत प्रतिशब्दच नाहीत, आहेत ते पंडितांनी बसून बनवलेले. २) सरकारी मराठी इंग्रजीपेक्षा अवघड आहे, ती कुणालाच कळत नाही. ३) कोर्टात फक्त इंग्रजी चालते. मराठी नोटिशीला कायदेशीर किंमत नाही, आली तर दुर्लक्ष करा. ४) इंग्रजी आता सगळ्यांनाच येते. पुढे पाठवा.»

हा निरोप माझ्या मामाच्या फोनवर आला आणि त्याने तो मानला, म्हणून हे लिहायला बसले. मी तालुक्याच्या गावी वकिलांकडे अर्ज-अपिलांचे मसुदे करते. अशा नोटिसा रोज हातातून जातात. त्यामुळे आधी तिसराच मुद्दा घेते, कारण त्याने माणसाची जमीन जाऊ शकते.

मामाला आलेली नोटीस फेरफाराची होती, गावात जिला नमुना ९ ची नोटीस म्हणतात ती. सामाईक गट ८० आरचा, त्यात मामा आणि त्याचा चुलतभाऊ निम्मे-निम्मे. चुलतभावाने खरेदीखत करून दिलं आणि दस्तात क्षेत्र लिहिलं ५५ आर. म्हणजे मामाचे १५ आर त्यात गेले. नोटिशीतलं कामाचं वाक्य असं होतं: «सदर नोंदीबाबत हितसंबंधितांची काही हरकत असल्यास ही नोटीस बजावल्यापासून १५ दिवसांचे आत लेखी सादर करावी, अन्यथा आपले काही एक म्हणणे नाही असे गृहीत धरून नोंद प्रमाणित करण्यात येईल.»

ही नोटीस काही कुणाच्या मर्जीने निघत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे तलाठ्याने फेरफार धरला की त्याची प्रत चावडीवर लावायची आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवायचं. कुणी हरकत घेतली तर ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते आणि सुनावणी होते. कुणीच काही बोललं नाही तर मंडळ अधिकारी सही करतो आणि सातबारा बदलतो. मग कलम १५७ लागतं: प्रमाणित झालेली नोंद, चुकीची आहे असं सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाते. त्यानंतर प्रांताकडे अपील करता येतं, त्याची मुदत ६० दिवस. पण तोवर सिद्ध करायचा भार आपल्यावर आलेला असतो.

आणि नोटीस मराठीत होती म्हणून तिला किंमत नाही? महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ ने काही वर्जित प्रयोजनं सोडून राज्याचा कारभार मराठीत ठेवला आहे. गावदप्तर तर सगळंच मराठीत आहे. निरोपात अर्ध सत्य आहे ते एवढंच, की राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा सर्वसाधारणपणे इंग्रजी आहे. तिथे प्रकरण गेलं तर मराठी कागदाचं भाषांतर जोडतात. मूळ कागद त्याने रद्दी होत नाही.

आता पहिला मुद्दा. याच महसूल संहितेचा इंग्रजी मसुदा उघडून बघा. त्यात तलाठी आहे, चावडी आहे, गावठाण आहे, वाडा आणि परडी जमीन आहे, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज आहे. हरकतीचा निकाल किमान कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने द्यावा, तर इंग्रजीतसुद्धा शब्द आहे अव्वल कारकून. इंग्रजीला या वस्तूंना शब्द सापडले नाहीत, म्हणून तिने आपले घेतले. फेरफार, पोटहिस्सा, गहाणखत, हक्कसोडपत्र, वहिवाट, कूळ हे सगळे तांत्रिक शब्दच आहेत, आणि शाळेत न गेलेली माझी आजी ते बिनचूक वापरायची. बनवलेले शब्दही आहेत, नाही असं नाही. महापौर, आयुक्त, निविदा हे बनवलेलेच. ते रुळले, कारण त्यांच्याशी लोकांचा रोज संबंध आला.

दुसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे, हे मान्य करायला जिवावर येतं, पण आहे. मामा काही अडाणी नाही. त्याने नोटीस दोनदा वाचली. पण ‘प्रमाणित’ हा शब्द त्याला माहीत होता तो झेरॉक्सवर शिक्का मारतात त्या प्रमाणित प्रतीतला. त्याला वाटलं, कागदावर शिक्का बसणार, आपलं काय जातंय? ‘बजावल्यापासून’चाही असाच घोटाळा. नोटिशीवर तारीख ३, ती त्याच्या हातात पडली १४ तारखेला. त्याने ३ पासून मोजलं आणि मुदत १८ ला संपली असं धरून गप्प बसला. खरं तर २९ पर्यंत वेळ होता.

पण हा दोष मराठीचा नाही. ‘याद्वारे’, ‘यथास्थिति’, ‘च्या तरतुदींना बाध न आणता’, ‘अधीन राहून’ ही इंग्रजी कायद्याची हाडं आहेत, वर मराठी कातडं चढवलंय. तसंच, कळणारा शब्द काढून न कळणारा घालायची खोड आहे. सरकारी पैसे देण्याच्या आणि हिशेबाच्या कार्यालयाला ‘अधिदान व लेखा कार्यालय’ म्हणून ठेवलंय. तलाठ्याचं आता ग्राम महसूल अधिकारी झालं. गावात अजून सगळे तलाठीच म्हणतात.

तीच नोटीस अशी लिहिता आली असती: «गट क्रमांक अमुक मधील ५५ आर जमीन खरेदीखताने विकल्याची नोंद धरली आहे. ही नोंद तुम्हाला मान्य नसेल तर २९ तारखेपर्यंत तलाठी कार्यालयात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकत आली नाही तर नोंद प्रमाणित होईल, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यांच्या सहीने सातबाऱ्यावर चढेल.» यात कामाची एकही गोष्ट गाळलेली नाही. ‘प्रमाणित’ तसाच ठेवला, कारण पुढे अपिलात तोच लागतो, फक्त त्याचा अर्थ शेजारी सांगितला. ‘हरकत’ म्हटलं तर शेवटपर्यंत हरकतच. मध्येच आक्षेप आणि खाली तक्रार असं केलं की वाचणाऱ्याला तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. आणि मुदतीची तारीख बजावणाऱ्यानेच कागद हातात देताना भरायची, कारण ती त्याच दिवशी ठरते.

हीच नोटीस इंग्रजीत आली असती तर मामाला ५५ हा आकडासुद्धा कशाचा आहे ते कळलं नसतं. चौथ्या मुद्द्याला याहून जास्त उत्तर देत नाही.

२७ तारखेला मी गावी गेले तेव्हा नोटीस देव्हाऱ्यामागे खोचलेली होती. त्याच रात्री हरकत लिहिली: गटाचं एकूण क्षेत्र, दोघांचे हिस्से, दस्तातलं क्षेत्र, फरक १५ आर, सोबत जुना सातबारा. २८ ला सकाळी मामाने ती दिली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. सुनावणी अजून व्हायची आहे. तुमच्याही घरात कुणाला हा निरोप आला असेल, तर आधी देव्हाऱ्यामागे, गादीखाली, पासबुकात काही खोचून ठेवलंय का ते बघा, आणि ते कोणत्या तारखेला हातात पडलं ते विचारा.