दिवसअखेर म्हणजे नक्की किती वाजता?

शिकागोचा साहेब फोनवर म्हणाला, "कॅन आय टेक अ रेन चेक?" जुलै महिना, मी बाणेरच्या ऑफिसात. मी खिडकीबाहेर पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "येस, व्हेरी हेवी."

पलीकडे शांतता पसरली. मग कोणीतरी खोकलं.

नंतर कळलं की अमेरिकेत बेसबॉलचा सामना पावसामुळे बंद पडला, तर प्रेक्षकाला पुढच्या सामन्याला चालणारी चिठ्ठी मिळायची. ती रेन चेक. साहेबाला एवढंच म्हणायचं होतं की आजची चर्चा पुन्हा कधीतरी करू. मी त्याला पुण्याचं हवामान ऐकवलं होतं.

माझं शिक्षण बार्शीला, मराठी शाळेत. व्याकरण पक्कं, काळ तर बाराच्या बारा पाठ. पण साहेबलोक व्याकरणात बोलतच नाहीत, वाक्प्रचारात बोलतात. म्हणून मी दोनशे पानी वही आणली आणि ऑफिसात कानावर पडलेले चाळीस वाक्प्रचार अर्थासकट उतरवून घेतले. त्यातले बरेचसे बेसबॉलचेच निघाले. टच बेस, बॉलपार्क फिगर, कर्व्हबॉल, आउट ऑफ लेफ्ट फील्ड. बेसबॉलची बॅट मी तोवर फक्त सिनेमातल्या गुंडांच्या हातात पाहिली होती.

पाठांतराची सवय होतीच. पण वाक्प्रचार हा प्रकार पाढ्यांपेक्षा नाजूक. पाढ्यात चुकलं तर मास्तर छडी मारायचे आणि विषय संपायचा. वाक्प्रचारात एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर पुढची दोन मिनिटं समोरचा काहीच ऐकत नाही, तो तेवढ्या शब्दातच अडकून बसतो. मी एकदा मोठ्या रुबाबात सांगितलं, "नाउ द बॉल इज इन युअर पार्क." म्हणायचं होतं "इन युअर कोर्ट", म्हणजे आता पुढचं तुमच्या हातात. टेनिसचं कोर्ट आणि बेसबॉलचं पार्क यांचं मी परस्पर लग्न लावून दिलं होतं. आपल्याकडे कोणी "कानाला मिरच्या झोंबल्या" म्हणालं, तर आपण भांडणाचं कारण विसरून त्याच्या कानाकडेच बघू की नाही? तसं ते सगळे माझ्याकडे बघत होते.

तरी मी थांबलो नाही. उलट जीभ सुटली. त्यातल्या त्यात "ॲट द एंड ऑफ द डे" माझ्या जिभेवर असा काही बसला, जसा भाडेकरू घरमालकाच्या घरात बसावा. याचा अर्थ फक्त "शेवटी काय, तर". काहीही न बोलता बोलल्यासारखं वाटायला उत्तम. वाक्य सुचेपर्यंत तीन-चार सेकंद मिळतात.

आमच्या टीममध्ये नव्यानं आलेली एक मुलगी होती. मीटिंगमध्ये ती फार मन लावून टिपणं काढायची, म्हणून मी तिचं कौतुक करत असे. एकदा तिची वही उघडी राहिली. पानभर रेघा होत्या, चार उभ्या आणि एक तिरकी, असे गठ्ठे. वर लिहिलं होतं, "सर – एंड ऑफ द डे". पाऊण तासाच्या मीटिंगचा हिशोब एकोणीस.

"सर, कंटाळा आला होता," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आम्ही पार्टीची पैज लावली होती. वीस झाले असते तर मी जिंकले असते."

रागवावं असं काही तिनं केलं नव्हतं.

पण खरा दणका त्या शुक्रवारी बसला. संध्याकाळी साडेसहाची मीटिंग, म्हणजे शिकागोत सकाळचे आठ आणि म्युनिकमध्ये दुपारचे तीन. म्युनिकच्या बाई कामाला चोख, इंग्रजी त्यांचंही माझ्यासारखं शाळेत शिकलेलं. मी म्हणालो, "ॲट द एंड ऑफ द डे, वुई नीड द नंबर्स." बाईंनी मान डोलावली. रात्री दीडला माझा फोन वाजला. बाईंची मेल होती, तेव्हा त्यांच्याकडे रात्रीचे दहा. सोबत सगळे आकडे, तक्ते, तळटिपा. आणि एक ओळ: तुम्हाला दिवस संपायच्या आत हवे होते, उशिराबद्दल क्षमस्व. ते आकडे मला पुढच्या गुरुवारपर्यंत लागणार नव्हते. त्या शुक्रवारी त्यांच्या मुलाचा वाढदिवस होता, हे मला नंतर कळलं. इंग्रजी ज्याची मातृभाषा, तो असं वाक्य कानामागे टाकतो. ज्यानं मेहनतीनं शिकलंय, तो प्रत्येक शब्द खरा धरतो. माझ्या मीटिंगमध्ये दुसऱ्या प्रकारचेच लोक जास्त होते, मी धरून.

त्यानंतर महिन्याभरात "टेबल" झालं. बिलाच्या नमुन्यातल्या बदलाबद्दल मी म्हणालो, "लेट्स टेबल इट." लंडनवाल्यांनी मुद्दा आजच्या चर्चेत घेतला, कारण त्यांच्याकडे टेबल करणं म्हणजे विषय मांडणं. शिकागोवाल्यांनी कागद मिटले, कारण त्यांच्याकडे टेबल करणं म्हणजे विषय बाजूला ठेवणं. दोघंही एकमेकांवर वैतागले आणि दोघांनाही मीच सांगितलेलं होतं. चर्चिलनं दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात हाच घोळ नोंदवलाय: ब्रिटिश आणि अमेरिकी सेनाधिकारी याच शब्दावरून बराच वेळ भांडले आणि मग लक्षात आलं की दोघांना एकच हवंय. महायुद्धातली माणसं फसली तिथे बार्शीचा मी कोण, असं मी मॅनेजरना सांगून पाहिलं. त्यांना चर्चिल फारसा पटला नाही.

मग एका रविवारी वही घेऊन बसलो आणि चाळणी लावली. प्रत्येक वाक्प्रचाराला एकच प्रश्न: समोरच्यानं याचा शब्दशः अर्थ घेतला तर काय बिघडेल? टेबल गेला. एंड ऑफ द डे गेला. रेन चेक, कर्व्हबॉल, लेफ्ट फील्ड, जवळजवळ सगळं बेसबॉल मैदानाबाहेर. "लो हँगिंग फ्रूट" काढताना जीव तुटला, कारण चित्र छान आहे. पण "आधी सोपी कामं उरकू" हे त्याहून छोटं पडतं आणि कोणाला आंबे आठवत नाहीत.

शेवटी तीन उरले. "ऑन द सेम पेज", कारण कोणी खरंच तेच पान उघडलं तरी फायदाच आहे. "बॅक टू स्क्वेअर वन", कारण सापशिडी खेळलेल्या कोणालाही ते कळतं. आणि "बॉलपार्क", म्हणजे ढोबळ अंदाज, पण त्याला शेपूट जोडूनच: "बॉलपार्क चाळीस दिवस, चार इकडे, चार तिकडे." नुसतं बॉलपार्क म्हटलं की हिशोबवाले दहा टक्के धरतात आणि प्रोग्रॅमर दुप्पट. तिन्ही मिळून एका मीटिंगमध्ये एकदाच. दुसऱ्यांदा तोंडात आला तर ती मुलगी पेन टेबलावर आपटते. आवाज न करता, पण मला दिसेल असं.

घरी मात्र सवय सुटायला वेळ लागला. परवा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बोलून गेलो, "ॲट द एंड ऑफ द डे, भाजी कुठलीही कर, आई."

आई शेंगा निवडत होती. वर न बघता म्हणाली, "दिवस मावळायची वाट कशाला बघतोस? आत्ताच सांग. गवार का दोडका?"