टायटन म्हणजे राक्षस नव्हं बरं का

परवा पुतणीनं वही आणून माझ्यापुढं आपटली. "काका, ह्या हर्क्युलिसला कुठं टाकू, तीन जागी बसायलाय." आठवीत आहे, दिवाळीच्या सुट्टीत लातूरहून आलीय, सोबत ग्रीक पुराणकथांचं एक जाडं पुस्तक. वहीत पट्टीनं रकाने आखलेले : देव, टायटन, अर्धदेव, आत्मे, माणसं. तिसऱ्या दिवशी त्या वहीत इतकी खाडाखोड झाली की पानाला भोक पडलं. मला हसू आलं कारण वीसेक वर्षांखाली मी पण अगदी हेच रकाने आखले होते आणि असाच फसलो होतो, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

पहिली चूक आपण मराठी माणसं हमखास करतो. टायटन शब्द दिसला की डोक्यात दैत्य-राक्षस येतात, म्हणजे एक वेगळीच जात, वाईट, अक्राळविक्राळ. तसं नाहीय. हेसिअड नावाच्या जुन्या ग्रीक कवीनं जी वंशावळ दिलीय त्यात टायटन ही सरळ सरळ आधीची पिढी आहे. गाया म्हणजे पृथ्वी आणि युरेनस म्हणजे आकाश, ह्यांची बारा लेकरं, सहा पोरं सहा पोरी. त्यातला धाकटा क्रोनस, त्याची बायको रिया ही त्याचीच बहीण, आणि ह्या दोघांचा मुलगा झ्यूस. म्हणजे झ्यूसचे आई-बाप दोघंही टायटन! मग झ्यूस कोण? देव. जात बदलली का? नाही, पिढी बदलली आणि सत्ता बदलली, बास. भाऊबंदकीच म्हणा की, दहा वर्षं भांडण चाललं, पुतणे जिंकले आणि हरलेल्या चुलत्यांना खाली टार्टारसच्या अंधारात कोंडलं.

पण सगळे कोंडले नाहीत आणि गोंधळ इथंच सुरू होतो. ओशनस भांडणात पडलाच नाही. स्मृतीची देवी म्नेमोसिनी ही टायटन, तिला झ्यूसपासून नऊ म्यूज, म्हणजे कलांच्या देवी, झाल्या. लेटो ही दोन टायटनांची लेक, आणि तिची पोरं कोण तर अपोलो आणि आर्टेमिस, म्हणजे ऑलिंपसवरचे पक्के देव. प्रोमीथियस हा आयापेटस नावाच्या टायटनाचा मुलगा, म्हणजे नात्यानं झ्यूसचा चुलतभाऊ. पुतणीनं लेटोला टायटनमध्ये टाकलं, अपोलोला देवात, आणि मग मला विचारते "आईची जात लेकराला लागत नाही का?" आता काय सांगावं! आपल्याकडं दितीची पोरं दैत्य, अदितीची पोरं देव, बाप दोघांचा कश्यपच, हे सांगितलं तेव्हा कुठं तिची ट्यूब पेटली.

म्हणून मी तिला रकाने फाडायला लावले आणि प्रत्येक नावापुढं तीनच प्रश्न लिहायला सांगितले. आई-बाप कोण? मरतो का? आणि मेला तर पुढं काय? ताकद किती हा प्रश्न लिहायचाच नाही. गेम खेळून आलेली पोरं ताकदीवरून लावायला जातात आणि तिथंच चुकतात, कारण एकटा डायोमेडीज, चांगला हाडामासाचा माणूस, ट्रॉयच्या लढाईत प्रेमाची देवी अॅफ्रोडाइटी हिच्या हाताला भाला लावतो. फरक तिथं ताकदीत दिसत नाही, जखमेत दिसतो. होमर हा जुना ग्रीक कवी सांगतो की तिच्या जखमेतून रक्त नाही, इकोर नावाचं देवांच्या अंगातलं पाणी आलं, कारण देव भाकरी खात नाहीत आणि वाइन पीत नाहीत, म्हणून त्यांच्या अंगात रक्त नसतं.

आता अर्धदेव. ह्या शब्दानं माझं डोकं सगळ्यात जास्त खाल्लं. अर्धा देव म्हणजे अर्धं मरण असं काही नसतं. अकिलीज घ्या, आई थेटिस ही समुद्रातली अमर अप्सरा, बाप पेलियस माणूस, पोरगा मेला. सार्पेडन तर खुद्द झ्यूसचा मुलगा, तो पण ट्रॉयलाच मेला आणि झ्यूस वर बसून बघत राहिला. आणि डायोनिसस? बाप झ्यूस, आई सेमेली साधी माणूस, हिशोबानं सार्पेडनसारखाच निम्मा-निम्मा, पण तो पूर्ण देव! म्हणजे निम्मं रक्त हा नियम नाहीच, मोठ्या बापाची पोरं असली तरी ज्याची त्याची गोष्ट शेवटपर्यंत वाचावी लागते.

आत्म्यांचं आपल्याला सोपं जायला पाहिजे. निम्फ म्हणजे झऱ्याच्या, झाडाच्या, डोंगराच्या बाया. आमच्या गावाकडं विहिरीवर साती आसरा असतात, हळद-कुंकू आणि हिरव्या बांगड्या वाहतात, त्यांना कुणी खंडोबाच्या बरोबरीला बसवत नाही पण भूत पण म्हणत नाही, तेच ते. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा. एका जुन्या ग्रीक स्तोत्रात स्पष्ट लिहिलंय की डोंगरातल्या ह्या झाडाच्या निम्फ अमर नाहीत आणि माणसातही मोडत नाहीत, लई जगतात, देवांचं अन्न खातात, पण झाड वाळलं की साल गळते, फांद्या पडतात आणि त्यांचा जीव पण सोबतच जातो. इथं "मरतो का" ह्या प्रश्नाचं उत्तर "हो, पण झाडासोबत" असं लिहावं लागतं. आणि थेटिससारखी समुद्रातली मात्र अमर! निम्फ म्हणून एकच उत्तर सगळ्यांना लावू नका.

तर आता हर्क्युलिस, ग्रीक नाव हेराक्लीज. बाप झ्यूस, आई अल्कमिनी माणूस. मरतो का? हो, विषारी अंगरखा अंगाला चिकटला आणि शेवटी चितेवर चढला. पुढं काय? होमरच्या ओडिसी ह्या काव्याच्या अकराव्या भागात त्याचा नायक ओडिसियस मेलेल्यांच्या जगात जातो, तिथं त्याला हेराक्लीज भेटतो, पण कवी लगेच म्हणतो की ही नुसती छाया, तो स्वतः वर देवांच्या पंगतीत बसलाय, हीबी त्याची बायको. म्हणजे खाली पण तोच आणि वर पण तोच. पुतणीचं म्हणणं बरोबरच होतं की, बसायलाच तो तीन जागी!

हे सगळं चाललं असताना आमची आई लसूण सोलत बसली होती. आमच्या गावच्या वेशीत एक वीरगळ आहे, खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा मेलेल्या वीराला वर न्यायल्यात, वर शिवलिंग. लोक त्याला शेंदूर लावतात, नारळ फोडतात. आई हर्क्युलिसबद्दल म्हणाली, "आरं, मंग त्येला निवद दोन ठिकाणी देत असतील. वीराचा येगळा आन देवाचा येगळा."

मी गप्पच बसलो. कारण हेरोडोटस ह्या जुन्या ग्रीक इतिहासकारानं हेच लिहून ठेवलंय! तो म्हणतो की हेराक्लीजची दोन देवळं बांधणारे ग्रीक लोक सगळ्यात शहाणे, एकात त्याला अमर देव म्हणून बळी देतात आणि दुसऱ्यात मेलेल्या वीराला देतात तसं. दोन्ही विधींना ग्रीकमध्ये शब्दसुद्धा वेगवेगळे आहेत.

पुतणीनं तिसऱ्या प्रश्नापुढं पेन्सिलनं लिहिलं, "दोन निवद". आता ती कॅस्टर आणि पॉलिड्यूसीजवर आलीय, जुळे भाऊ, एक मरणारा आणि एक अमर, आळीपाळीनं एक दिवस जिवंत आणि एक दिवस मेलेले. आजीला विचारून सांगते म्हणाली.